लेकीचा इसब, पन्नास ग्रॅमची ट्यूब आणि कागदावर न लिहिलेलं

आमची धाकटी चार वर्षांची आहे. कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे, मनगटांवर आणि मानेला इसब. अंमळनेरकडे थंडीचा वारा सुटला की सगळं अंगच खरखरीत होतं आणि रात्री झोपेत ती नखांनी रक्त काढते. आजारावर औषध नव्हतं असं नाही. औषध पहिल्याच दिवशी बरोबर मिळालं होतं. ते किती लावायचं आणि कशाच्या आधी, एवढंच कुणी सांगितलं नाही, आणि त्यात आमची अख्खी थंडी गेली. त्याचा राग अजून आहे, म्हणून लिहिते.

ज्या दवाखान्यात गेलो, तिथे ओपीडीची रांग जिन्यापर्यंत होती. नंबर आला, डॉक्टरांनी बाही वर करून पाहिलं, केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या आणि पुढचा पेशंट आत आला. कागदावर एक मॉइश्चरायझर आणि एक सौम्य स्टिरॉइड क्रीम, दोन्हींपुढे दिवसातून दोनदा लावणे. ग्रॅम नाहीत, क्रम नाही. मी दारातूनच विचारलं, "सर, आधी कोणतं लावू?" उत्तर आलं, "मेडिकलवाला सांगेल." मेडिकलवाल्याने पन्नास ग्रॅमचं मॉइश्चरायझर आणि पंधरा ग्रॅमची ट्यूब पिशवीत टाकली आणि म्हणाला, "ताई, हे स्टिरॉइड आहे हं, एकदम पातळ लावा. दोन्ही सोबत लावलं तरी चालतं."

त्याच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही लागोपाठ लावत राहिलो, स्टिरॉइडचा तर नुसता ठिपका. महिना उलटला तरी दोन्ही ट्यूबा शिल्लक आणि खाज तशीच. सासूबाई रात्री उठून बसायच्या आणि म्हणायच्या, "पोरले झोप नही, तुले बी नही." परत त्याच रांगेत उभी राहिले. डॉक्टरांनी फरक नाही म्हणून आणखी तीव्र स्टिरॉइड लिहिलं. पहिली ट्यूब किती संपली, हे विचारलं नाही. तो एक प्रश्न विचारला असता तर दिसलं असतं की औषध कमी पडलं नव्हतं, अंगावर पोचलंच नव्हतं. माझी सगळी चीड त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे.

पुढे धुळ्याला एका त्वचारोग डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी आधी जुन्या ट्यूबा मागितल्या, दाबून पाहिल्या आणि मग माझंच बोट धरलं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत क्रीमची एक पट्टी काढली. मोठ्या माणसाच्या बोटावरची ही पट्टी साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटं एकमेकांना जुळवून धरलेल्या, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. मोजायला बोट आणि तळवा मोठ्यांचेच घ्यायचे, मूल कितीही लहान असो. लेकीचे सगळे लाल चट्टे माझ्या तळव्याने मोजले तर सहा तळवे भरले, म्हणजे तीन पट्ट्या, दीड ग्रॅम. रोज एकदा लावलं तर पंधरा ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपायला हवी. आमची महिना पुरून उरली होती.

मॉइश्चरायझरचा हिशोब ऐकून तर मी पुन्हा विचारलं. सगळं अंग कोरडं असेल तर लहान मुलाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लागतं. कमीत कमी धरलं तरी रोजचे 35 ग्रॅम. तीनदा विभागलं तर दर वेळी सपाट अडीच चहाचे चमचे, तेही नुसत्या चट्ट्यांवर नाही, चांगल्या दिसणाऱ्या कातडीसकट सगळ्या अंगाला. पन्नास ग्रॅमची ट्यूब या हिशोबाने दीड दिवसाची. म्हणून आता बाई मोठा डबा लिहून देतात, महागातली सुवासिक बाटली नाही, साधं लिक्विड पॅराफिन आणि पांढऱ्या पॅराफिनचं क्रीम. पुरेसं लागलं की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे: लावल्यावर अंगावर ओलसर चमक दिसली पाहिजे आणि पुढच्या वेळेपर्यंत हात फिरवला तर खरखर लागू नये.

क्रमाबद्दल बाईंनी जे सांगितलं ते मला फार प्रामाणिक वाटलं. कोणतं आधी यावर ठाम पुरावा नाही, डॉक्टर दोन्ही प्रकारे सांगतात. महत्त्वाचं एवढंच की दोन्ही एकावर एक थापायची नाहीत. लगेच लावलं तर स्टिरॉइड पातळ होतं आणि मॉइश्चरायझरसोबत जिथे नको तिथेही पसरतं. मध्ये वीस-तीस मिनिटं जाऊ द्यायची. आम्ही असं बसवलंय: संध्याकाळी कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, साबणाऐवजी तेच पॅराफिनचं क्रीम लावून धुवायचं, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग दमट आहे तोवर सगळीकडे मॉइश्चरायझर. मग तिचं जेवण होतं. झोपायच्या आधी फक्त लाल, खरबरीत चट्ट्यांवर स्टिरॉइडच्या तीन पट्ट्या. सकाळी आणि दुपारी नुसतं मॉइश्चरायझर. चट्टे सपाट झाले, खाज थांबली की बाईंच्या सांगण्याप्रमाणे स्टिरॉइड बंद होतं; मॉइश्चरायझर बंद होत नाही.

पहिलंच सौम्य स्टिरॉइड पुरेसं ठरलं. ती तीव्र ट्यूब आम्ही उघडलीच नाही. पुरेसं लावल्यावर काही दिवसांतच लेक रात्रभर झोपू लागली, आणि तेव्हा मला जितका आनंद झाला तितकाच राग आला.

एक राहिलं. क्रीम चोळायचं नाही, केस ज्या दिशेने उगवतात त्या दिशेने वरून खाली ओढायचं, नाहीतर केसांच्या मुळाशी बारीक पुळ्या येतात. आणि डब्यात बोटं घालायची नाहीत, स्वच्छ कोरड्या चमच्याने काढायचं. घट्ट मलम चांगलं की क्रीम, यावर आमच्या घरात वाद होता. इंग्लंडमध्ये 550 मुलांवर झालेल्या आणि 2022 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात लोशन, क्रीम, जेल, मलम यांच्या गुणात फरक दिसला नाही. मूल जे लावू देईल ते चांगलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा मलम घामात चिकटतं आणि ती पुसून टाकते, म्हणून उन्हाळ्यात क्रीम, थंडीत मलम.

चट्ट्यातून पाणी यायला लागलं, पिवळी खपली धरली किंवा ताप आला तर क्रीम वाढवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. एकाच आकाराचे दुखरे फोड घोळक्याने आले तर त्याच दिवशी.

आणि आगीचं. ही क्रीमं कपड्यांत, चादरीत मुरतात आणि असा कपडा ठिणगीने लवकर पेट घेतो. धुतल्यावरही सगळं निघत नाही. हिवाळ्यात शेतावर कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजतात, मुलं त्या जाळाभोवतीच असतात. लेकीला तिथे नेताना मी घरात न वापरलेले, वेगळे ठेवलेले कपडे घालते आणि जाळापासून लांब बसवते. शेजारच्या बायकांनाही हे सांगितलं, कारण डब्यावर ती सूचना असली तरी इतक्या बारीक अक्षरात असते की वाचायला भिंग लागावं.