पावणेसहाची तक्रार

मी केबल-ब्रॉडबँडच्या लाइनी बघतो. मिरजेत एक बाई घरून दहावीच्या गणिताचा ऑनलाइन क्लास घेतात, सहा ते आठ. ‘आवाज तुटतो’ ही त्यांची तक्रार चार दिवसांत तिसऱ्यांदा आली. आधी दोनदा दुपारी गेलो होतो. स्पीड टेस्ट चोख. तरी एकदा कनेक्टर बदलला, एकदा राउटर. उगाच.

तिसऱ्यांदा फोनवर बाई म्हणाल्या, “मुलांचं मला स्वच्छ ऐकू येतं हो, माझंच त्यांना तुटक जातं.” हे आधी विचारायला हवं होतं. प्लॅन डाऊनलोडला ५० एमबीपीएस, अपलोडला फक्त ५. म्हणजे वर जाणारी वाटच कोणीतरी अडवत होतं.

साडेपाचला जाऊन त्यांच्या लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडल्या:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला राउटरपर्यंत, दुसरा बाहेर. एक मिलिसेकंद आणि बावीस. पावणेसहाला काका ऑफिसातून आले, मोबाइल चार्जरला लावला. चहा अर्धा होईतो बाहेरचा आकडा ९०० वर, राउटरचा जागच्या जागी. वायफाय ठीक, पण राउटरमध्ये अपलोडची रांग तुंबलेली आणि बाईंचा आवाज त्या रांगेत मागे उभा.

लॅपटॉपवर `resmon` उघडून नेटवर्कमध्ये पाठवल्या जाणाऱ्या डेटाचा रकाना पाहिला; तिथे काहीच नव्हतं. पण तो त्या एका मशीनपुरतंच सांगतो. काकांच्या मोबाइलचं वायफाय बंद केलं. आकडा पुन्हा बावीस.

गूगल फोटोजमध्ये वरच्या प्रोफाइल फोटोवर टॅप केलं. भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ चढत होते, २७ जीबी बाकी. सगळी ५ एमबीपीएस त्यालाच दिली तरी बारा तास. आणि काका रात्री दहाला राउटर बंद करून झोपतात! मग रोज संध्याकाळी गाडी पुन्हा तिथूनच सुरू.

या ॲपमध्ये बॅकअपची वेळ ठरवायची सोय नाही. म्हणून काकांना बॅकअपचं बटणच दाखवलं: संध्याकाळी बंद, झोपताना चालू, आणि राउटर रात्री चालूच ठेवायचा. दहाचा अलार्मही लावून दिला.

जाता जाता लॅपटॉपही पाहिला. बाईंनी विंडोजमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ सहा ते आठ ठेवले होते. वाटलं, अपडेट तेव्हा येणार नाहीत. ती सेटिंग फक्त आपोआप रिस्टार्ट थांबवते, डाऊनलोड नाही. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन असतं. तिथे इतर पीसींना अपडेट देणं बंद केलं आणि बॅकग्राउंड डाऊनलोडला मर्यादा घातली.

दोन रात्रींत बॅकअप संपला. तरी काकांचा फोन अजून येतो, बरोबर आठला: “क्लास सुटला, आता चालू करू का?”