आमची वाटचाल : चौघांचा वरण-भात पंचवीसजणांना पुरवताना

आमचा व्यवसाय म्हणजे मी, माझ्या जाऊबाई, घरचंच स्वयंपाकघर आणि दोन बर्नरची शेगडी. मेन्यूही साधा. फोडणीचं वरण आणि मऊ पण शीत न् शीत ओळखू येईल असा भात. लोकांना वाटतं की यात शिकण्यासारखं काय आहे, चौघांचं रोज करता, तेच सव्वासहा पट करायचं. पण तेवढा गुणाकार करून मोकळं झालं की भाताचा गचका होतो आणि वरणावर तेलाचा तवंग तरंगतो. आमची सगळी वाटचाल म्हणजे कुठल्या जिन्नसाला सव्वासहाने गुणायचं आणि कुठल्या नाही, हे समजत जाण्याची गोष्ट आहे.

सुरुवात पाण्यापासून करते, कारण मोठ्या भाताची खरी गोम पाण्यात आहे. घरी चौघांना आमच्या २०० मिलीच्या वाटीने दोन वाट्या तांदूळ लागतो, म्हणजे साधारण ३४० ग्रॅम, आणि त्याला दुप्पट, म्हणजे चार वाट्या पाणी. या हिशेबाने पंचवीसजणांना साडेबारा वाट्या तांदूळ आणि पंचवीस वाट्या पाणी व्हायला हवं. तांदूळ बरोबर येतो, पाणी मात्र जास्त होतं.

याचं कारण वजनकाट्याने दाखवलं. जाऊबाईंना सगळं मोजायची सवय. त्यांनी पातेलं, तांदूळ आणि पाणी यांचं शिजण्याआधी वजन केलं, भात झाल्यावर पुन्हा केलं. चौघांच्या भातात ३४० ग्रॅम तांदूळ आणि ८०० ग्रॅम पाणी घातलं, हातात भात आला ९४० ग्रॅम. म्हणजे एक वाटीभर पाणी वाफ होऊन गेलं आणि तीन वाट्या तांदळाने प्यायलं. तांदूळ किती पाणी पितो हे तांदळावर ठरतं, आमच्या तांदळाला वाटीमागे दीड वाटी. वाफ किती जाते हे मात्र पातेल्याच्या तोंडावर, झाकणावर आणि शिजायला लागणाऱ्या वेळावर ठरतं. जेवणारी माणसं सव्वासहा पट झाली म्हणून पातेल्याचं तोंड सव्वासहा पट होत नाही.

मग हिशेब दोन भागांत मांडला. साडेबारा वाट्या तांदूळ पिणार पावणेएकोणीस वाट्या. दोन पातेल्यांत मिळून वाफ जाते साधारण तीन वाट्या, हेही काट्यावरच कळलं. एकूण पावणेबावीस, आम्ही बावीस धरतो. सरळ गुणाकारातलं पाणी यापेक्षा तीन वाट्यांनी, म्हणजे ६०० मिलीने जास्त होतं. तेवढ्याने भात आसट होतो. हे आकडे आमच्या तांदळाचे आणि आमच्या पातेल्यांचे आहेत. जुना तांदूळ जास्त पाणी मागतो, नवा कमी. तांदळाचं पोतं बदललं की आम्ही आधी दोन वाट्यांचा भात लावून वजन करतो आणि मगच मोठा भात चढवतो.

दोन पातेल्यांत का, तेही सांगते. सव्वादोन किलोच्या आतबाहेर तांदूळ एकाच उभ्या पातेल्यात घातला तर भाताचा थर वीतभर होतो. वरच्या भाताचं वजन खालच्यावर पडतं, खालचा चेंबतो, बुडाला लागतो, आणि वरचा अजून कणीदारच असतो. शिवाय तो नीट हलवताही येत नाही, कारण उलथनं घातलं की शितं मोडतात. दोन पसरट पातेली घेतली की प्रत्येकात थर बेताचा राहतो. जाड बुडाची असली तर उत्तमच, नसली तर शेवटच्या दमाला खाली तवा ठेवायचा.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण चौघांच्या पातेल्याला लागू पडते, मोठ्याला नाही. वरचं एक शीत शिजलेलं दिसलं म्हणून बुडाचं आणि मधलं कळत नाही. आम्ही कडेने उलथन्याचा दांडा सरळ खाली घालतो आणि तीन ठिकाणची शितं काढून बोटाने दाबतो : वरचं, मधलं, बुडाजवळचं. मधल्यात बारीक कणी राहिली असेल आणि पाणी आटलं असेल, तर कढत पाण्याचा हबका मारून झाकण लावायचं आणि आच अगदी मंद करायची. गार पाणी घातलं तर कणी तशीच राहते आणि वरचं शीत फुटतं.

दुसरी गोष्ट आधणाची. घरी थोडा तांदूळ गार पाण्यातच चढवला तरी चालतो, कारण पाच-सात मिनिटांत उकळी येते. मोठ्या पातेल्यातल्या दोन लिटरच्या वर पाण्याला आणि तांदळाला मिळून घरच्या शेगडीवर उकळी यायला त्याच्या दुप्पट-अडीचपट वेळ जातो. तेवढा वेळ तांदूळ कोमट पाण्यात फुगत बसतो, बुडाचा आधी नरम पडतो आणि सगळाच एकमेकांना चिकटतो. म्हणून आधी आधण ठेवायचं, खळखळ उकळू द्यायचं आणि धुऊन निथळलेला तांदूळ मग वैरायचा. वैरल्यावर उकळी बसते, ती परत येईपर्यंत आच मोठीच ठेवायची. त्यानंतर एकदाच हलक्या हाताने तळापासून हलवायचं, पुन्हा नाही. निथळलेल्या तांदळात थोडं पाणी राहतंच. तेही आम्ही काट्यावर बघून आधणातून वजा करतो. आता जाऊबाईंना न मोजताही त्याचा अंदाज येतो, मला नाही.

डाळीचं गणित सोपं, पण वेळेचं नाही. चौघांना १८० ग्रॅम तूरडाळ, पंचवीसजणांना सव्वा किलोच्या जरा आत. इथे गुणाकार सरळ चालतो. घरी कुकरमध्ये एका डब्यात भात आणि एका डब्यात वरण लावतो. मोठ्या मापात डब्यातली डाळ जाड थराने बसते आणि मध्ये कच्ची राहते. म्हणून डाळ थेट कुकरच्या भांड्यात घालतो. डाळीच्या तिप्पट पाणी, हळद, हिंग आणि फेस आवरायला चमचाभर तेल. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही, कारण डाळीचा फेस शिट्टीच्या नळीत चढतो आणि नळी तुंबते. आमचा कुकर १२ लिटरचा आहे. तो नसेल तर ५ लिटरचे दोन कुकर लावले तरी डाळ निम्म्याच्या खालीच राहते.

शिट्ट्या मोजायचं मात्र सोडून दिलं. मोठ्या कुकरला वाफ धरायलाच वेळ लागतो आणि तेवढ्यात डाळ बरीच शिजलेली असते. गॅस बंद केल्यावरही आतली वाफ उतरायला वेळ लागतो, त्यातही ती शिजतच राहते. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून दहा मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात नाही. डाळ भिजवलेली असली की एवढ्यात ती पळीने घोटली जाते. उघडल्यावर पाणी वर आणि डाळ खाली असं दिसलं तर शिजायची बाकी आहे. चिंच, कोकम किंवा टोमॅटो यातलं काहीही डाळ शिजून घोटल्यानंतरच. आंबट आधी पडलं की डाळ मऊ होतच नाही.

मीठ सरळ मापाने वाढतं, पण हाताच्या अंदाजाने नाही, कारण हाताला चौघांची सवय असते. तयार वरणाला लिटरमागे ९ ग्रॅम मीठ हे आमचं माप. पाच लिटर वरणाला ४५ ग्रॅम होतं. त्यातलं ३५ आधी घालतो आणि उरलेलं शेवटच्या उकळीनंतर चव बघून.

फोडणीचं तेल मात्र कमी पटीने वाढतं. घरी चौघांच्या वरणाला ३० मिली तेल लागतं, ते मोहरी बुडून तडतडावी म्हणून. कढईची ती गरज माणसांच्या संख्येने वाढत नाही. सव्वासहा पटीने जवळजवळ १९० मिली होईल, आम्ही १२० घेतो आणि कुणालाही कमी वाटत नाही. हिरव्या मिरच्याही तशाच : घरी तीन, इथे बारा. वरण वाढेपर्यंत गरम राहतं, तेवढा वेळ मिरची तिखट सोडतच असते.

फोडणीत अडचण येते ती लसणाची. तेल जास्त असलं की तापायला वेळ लागतो आणि गॅस बंद केल्यावर गार व्हायलाही. घरच्या कढल्यात गॅस बंद केला की लसूण आहे त्या रंगावर थांबतो, मोठ्या कढईत तो पुढे तांबूस, मग काळा होत जातो आणि वरण कडवट लागतं. म्हणून मोहरी, जिरं झालं की गॅस बंद करायचा आणि उरलेल्या उष्णतेवर लसूण, मिरची, कढीपत्ता टाकायचा. लसणाच्या कडा सोनेरी दिसल्या की लगेच डावभर वरण कढईत. ते जोरात उसळतं, त्यामुळे एका हातात झाकण तयार हवं. मग तेच कढईतलं मोठ्या पातेल्यात ओतायचं.

दोन बर्नरवर हे सगळं बसवायला क्रम लागतो. एक वाजता जेवण असेल तर अकराच्या सुमारास कुकर चढतो. तो उतरला की दोन्ही बर्नरवर दोन आधणं. साडेबारापर्यंत दोन्ही भात होऊन झाकणासकट ओट्यावर मुरायला जातात आणि मोकळ्या झालेल्या शेगडीवर फोडणी आणि वरणाची शेवटची उकळी. वरण शेवटी ठेवायचं कारण ते बसलं की घट्ट होतं. फार दाट वाटलं तर कढत पाणी घालून पुन्हा उकळायचं, आणि ते पाणी कायम बाजूला तयार ठेवायचं. पातळपणा ठरवायचा तो वाढायच्या वेळचा, कुकर उघडतानाचा नाही.

उरलेल्या भाताबद्दल आमच्याकडे तडजोड नाही. मोठ्या पातेल्यातला भात मध्ये तासन्‌तास कोमट राहतो, आणि शिजतानाही न मरणारे काही जंतूंचे बीजाणू त्या उबेत वाढून विष तयार करतात. नंतर कितीही गरम केलं तरी ते विष जात नाही. म्हणून भात एकतर वाढेपर्यंत हाताला चटका बसेल इतका गरम, नाहीतर लगेच परातीत पातळ पसरून, गार करून फ्रिजमध्ये. दुपारचा भात पातेल्यात झाकून संध्याकाळी वाढणं आमच्याकडे होत नाही, मागितलं तरी.

पंचवीसच्या पुढची ऑर्डर आम्ही अजून घेत नाही. तिसरं पातेलं आणता येईल, पण तिसरा बर्नर नाही, आणि भाताच्या दोन पाळ्या केल्या तर पहिली पाळी गरम राहत नाही. व्यावसायिक भट्टी बसवली की तिच्यावर आधी चौघांचा, मग बाराजणांचा भात लावून वाफेचा हिशेब नव्याने करायचा आहे. मोठ्या आचेवर किती पाणी उडतं ते काट्यावर बघितल्याशिवाय जाऊबाई चाळीसचा आकडा तोंडातून काढणार नाहीत.