घट्ट करायला गेलं की दुसरीकडे सैल

हे काम संपलं तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय. अर्धा इंची काळ्या लोखंडी पाईपचं दोन फळ्यांचं शेल्फ, दुसऱ्या कुणीतरी बसवलेलं. डावी-उजवीकडे दोन उभे पाईप, प्रत्येकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला काटकोनी एल्बो, त्यातून निपल म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला आखूड पाईप मागे जाऊन फ्लँजने म्हणजे भोकं असलेल्या गोल चकतीने भिंतीला, आणि पुढून एक आडवा पाईप दोन्ही उभ्यांच्या टी म्हणजे तीन तोंडांच्या जोडांमध्ये बसवलेला. तक्रार अशी की उजवी बाजू हलते, पान्याने आवळली की थोडे दिवस बरं वाटतं आणि मग परत तेच. घरच्या ताई म्हणाल्या, "दादा, तुम्ही जरा जोर लावून टाईट करा ना."

जोराचा प्रश्नच नव्हता. आडव्या पाईपच्या दोन टोकांकडे नीट बघितलं तर डाव्या टीबाहेर दोनेक आटे उघडे दिसत होते आणि उजवीकडे पाच-सहा. इथेच सगळं कळलं. दोन्ही टोकांचे आटे उजवेच, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवलं की आवळणारे असतात, त्यामुळे पाईप एका टीमध्ये शिरायला लागला की दुसऱ्या टीमधून तेवढाच बाहेर येतो, आणि उभे पाईप भिंतीला बांधलेले असल्यामुळे टी काही फिरत नाही. म्हणजे डावीकडे घट्ट म्हणजे उजवीकडे सैल, कितीही ताकद लावा. चारी बाजूंनी बंद झालेल्या फ्रेमला कुठेतरी युनियन नावाचा जोड लागतोच. युनियनची दोन अर्धी आपापल्या पाईपवर बसतात आणि मधला नट त्यांना जवळ ओढतो, पाईप फिरवावाच लागत नाही.

सगळं उतरवून जमिनीवर घेतलं. आडवा पाईप उजव्या टोकाजवळ कापला, कापलेल्या टोकांना डाय लावून आटे पाडले. मधोमध कापला नाही कारण एक तर दिसायला वाईट, आणि मधे वाक जास्त पडतो तिथे जोड नको. लांबी धरताना युनियनची जागा वजा करायची आणि पाईप दोन्हीकडे जेवढा आत शिरतो तेवढं परत मिळवायचं, हा हिशेब चुकला तर उभे पाईप समांतर राहत नाहीत. पाईपचे आटे निमुळते असतात, म्हणून हाताने बसेल तेवढं बसवून पुढे पान्याने साधारण एक ते दोन फेरे, एक पाना पाईपवर आणि दुसरा फिटिंग धरून. पान्याचे दात उमटू नयेत म्हणून मी चामड्याचा तुकडा गुंडाळतो. एल्बोचं तोंड जिथे हवं तिथे आणताना पुढेच फिरवायचं, मागे सोडवायचं नाही, मागे आणलेला निमुळता आटा पुढे सैल पडतो.

फ्रेम बांधून सपाट प्लायवर उपडी ठेवली, चार फ्लँजपैकी एक किंचित वर तरंगत होता. हेच आधीच्या माणसाने भिंतीवर स्क्रू आवळून दाबलं होतं, म्हणून तिथला गिलावा तडकलेला. फ्लँज उचलला जातो म्हणजे तो जास्त आत गेलाय असं समजायचं. या मापाला इंचाला 14 आटे असतात, एक फेरा म्हणजे 1.8 मिमी, पाव फेरा म्हणजे जेमतेम अर्धा मिमी, आणि चार भोकांचा फ्लँज पाव फेऱ्यावर भोकं परत त्याच जागी आणतो. तरंगणारा न सोडवता बाकीचे तिन्ही पाव-पाव फेरा पुढे आवळले. चारही टेकले.

मग ताई म्हणाल्या, खालचे दोन फ्लँज काढा, भिंत मोकळी दिसेल. मी नाही म्हणालो आणि कागदावर मांडून दाखवलं. समजा 60 किलो पुस्तकं, वजनाचा मध्य भिंतीपासून 15 सेंमी, वरच्या-खालच्या फ्लँजमध्ये 60 सेंमी अंतर. 60 गुणिले 15 भागिले 60, म्हणजे वरच्या दोन फ्लँजवर मिळून 15 किलोची ओढ. खालचे काढले तर तोच भार एकेका फ्लँजच्या स्वतःच्या भोकांवर येतो, तिथे अंतर जेमतेम 5 सेंमी, ओढ 180 किलो. त्या कागद बघून गप्प बसल्या, फ्लँज राहिले.

स्क्रू धरायला भिंतीत ठोकलेल्या जुन्या गट्ट्या निघाल्या त्या सगळ्या गिलाव्यातच अडकलेल्या, विटेपर्यंत एकही पोचली नव्हती. नवीन भोकं पाडताना ड्रिलमधून येणारी भुकटी बघत राहायची. करडी येतेय तोवर गिलावा, लाल आली की वीट, आणि लाल सुरू झाल्यावर गट्टीच्या पूर्ण लांबीएवढं आत जायचं, मग भोकातली भुकटी फुंकून साफ करायची, नाहीतर गट्टी पूर्ण बसत नाही. लाल न येता ड्रिल एकदम आत घुसलं तर ब्लॉक पोकळ आहे, तिथे ही साधी गट्टी चालत नाही.

राग येतो तो अशी तयार सेट विकणाऱ्यांचा, ज्यात बंद चौकट आहे पण युनियन एकही नाही. घेणारा माणूस पाना घेऊन आवळत बसतो आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये.