आमची वाटचाल: विक्री 17 टक्क्यांनी वाढली, नफा मात्र घसरला

आमचं काम पत्र्याच्या प्रेस-पार्ट्सचं. माल दोनच प्रकारचा आहे: साधा ब्रॅकेट आणि तीन-चार तुकडे वेल्ड करून बनणारी असेंब्ली. यंदा विक्री 2 कोटींवरून 2 कोटी 35 लाखांवर गेली, पण कामकाजाचा नफा 24 लाखांवरून 22.15 लाखांवर आला. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक समोर ठेवून हे कोडं सुटत नाही, कारण त्यात प्रत्येक खर्च वाढलेलाच दिसतो. त्यासाठी नफ्याचा पूल मांडावा लागतो. डावीकडे गेल्या वर्षीच्या नफ्याचा खांब, उजवीकडे यंदाचा आणि मध्ये चढणारे-उतरणारे अधांतरी खांब, म्हणजेच वॉटरफॉल चार्ट. खालचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून सरळ केलेले आहेत, हिशेब मात्र खराच आहे.

पहिला खांब ‘विक्री वाढ +35 लाख’ असा काढायचा मोह होतो आणि पूल तिथेच चुकतो. 35 लाखांची जादा विक्री म्हणजे 35 लाखांचा जादा नफा नव्हे, त्या मालाला पत्रा लागलेला असतो. म्हणून नगांमधल्या वाढीचा खांब नेहमी नगामागे जे सुटतं त्यावर काढायचा, म्हणजे विक्रीभावातून फक्त त्या नगाबरोबर वाढणारा खर्च वजा करून. गेल्या वर्षी ब्रॅकेट 100 रुपयांना जायचा आणि खर्च 70 होता, म्हणजे 30 सुटायचे. असेंब्ली 250 ला, खर्च 150, सुटायचे 100. ब्रॅकेट 1 लाख आणि असेंब्ली 40 हजार गेल्या, म्हणजे एकूण सुटले 70 लाख. भाडं, पगार वगैरे स्थिर खर्चाचे 46 लाख गेले आणि उरले 24 लाख.

यंदा ब्रॅकेट 1 लाख 40 हजार गेले, असेंब्ली 35 हजारांवर आल्या. एकूण नग 25 टक्क्यांनी वाढले. प्रमाण तेच राहिलं असतं तर 70 लाखांच्या 25 टक्के, म्हणजे 17.5 लाख जादा सुटले असते. हा पहिला खांब. पण जादा नग 30 रुपयांचे होते आणि 100 रुपयांचे कमी झाले. यंदाचे नग गेल्या वर्षीच्या दराने मोजले तर 42 आणि 35 मिळून 77 लाखच होतात. म्हणजे वाढ फक्त 7 लाखांची. मधले 10.5 लाख प्रमाण बिघडल्याने गेले, हा दुसरा खांब, खाली जाणारा. कोड्याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

यात एक मेख आहे. ब्रॅकेट आणि असेंब्ली ‘नग’ म्हणून एकत्र मोजणं म्हणजे लिंबू आणि कलिंगड एका टोपलीत मोजणं. नगांऐवजी गेल्या वर्षीच्या भावाने रुपयांत मोजलं तर वाढ 25 नाही, 13.75 टक्के येते. मग पहिला खांब सुमारे 9.6 लाखांचा आणि दुसरा उणे 2.6 लाखांचा होतो. बेरीज दोन्हीकडे 7 लाखच. तेव्हा दोन खांबांपैकी एकाच्याच उंचीवर वाद घालू नये, आधी मोजमाप कशात घेतलंय ते विचारावं. आम्ही नग धरतो, कारण प्रेसचे स्ट्रोक नगांवर लागतात, आणि तसं चार्टखाली लिहून ठेवतो.

पुढचे दोन खांब शेजारी-शेजारीच हवेत. ब्रॅकेटचा भाव 4 रुपयांनी आणि असेंब्लीचा 5 रुपयांनी वाढला. यंदाच्या नगांनी गुणलं की भावाचे +7.35 लाख. पत्राही ब्रॅकेटमागे 4 आणि असेंब्लीमागे 5 रुपयांनीच महागला, म्हणजे –7.35 लाख. गिऱ्हाईक पत्र्याची दरवाढ रुपयाला रुपया भरून देतं, त्यामुळे दोन्ही खांब एकमेकांना फेडतात. भावाचा एकटा खांब दाखवला तर वाटतं, दर छान वाढवून घेतले. प्रत्यक्षात हाती काहीच आलं नाही, उलट तेवढंच सुटूनही टक्केवारी घसरते. ब्रॅकेटमागे 100 वर 30 सुटायचे, आता नुसत्या पत्र्यामुळे 104 वर 30.

पत्रा सोडून नगाचा खर्च ब्रॅकेटमागे 2 रुपयांनी वाढला. डाय झिजली की कापलेल्या कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, येतो आणि बाद माल वाढतो. असेंब्लीमागे बाहेरच्या पावडर कोटिंगचे 3 रुपये वाढले. दोन्ही मिळून –3.85 लाख. हा पैसा गिऱ्हाईक देत नाही. स्थिर खर्चात पगार आणि भाडं –3.8 लाख. प्रेसचा पाया नव्याने घातला त्याचे 1.2 लाख वेगळ्या खांबात, कारण ते पुढच्या वर्षी नसतील.

आता मांडणी. B स्तंभात बदल आणि C मध्ये चालू बेरीज घ्यायची. दुसऱ्या ओळीत, म्हणजे C2 मध्ये, गेल्या वर्षीचा नफा, तिसरीपासून खांब:

```
C3: =C2+B3
D3: =MIN(C2,C3)
E3: =MAX(B3,0)
F3: =MAX(-B3,0)
```

D, E, F वर एकावर एक रचलेला स्तंभचार्ट काढून D चा रंग काढून टाकला की खांब अधांतरी दिसतात. दोन्ही टोकांचे खांब मात्र E मध्ये पूर्ण आकड्याने भरायचे आणि त्यांचा D शून्य ठेवायचा. चालू बेरीज शून्याखाली गेली तर ही युक्ती कोलमडते. एक्सेल 2016 पासून वॉटरफॉल तयार मिळतो. त्यात शेवटच्या खांबावर उजवं क्लिक करून `Set as total` करावं लागतं, नाहीतर 22.15 वर पुन्हा 22.15 चढून खांब 44.30 पर्यंत जातो. उभा अक्ष शून्यापासूनच ठेवा. 20 पासून सुरू केला तर 24 आणि 22.15 मधला फरक निम्म्याचा वाटतो.

चालू बेरीज अशी जाते: 24, 41.5, 31, 38.35, 31, 27.15, 23.35 आणि शेवटी 22.15. नफा-तोटा पत्रकाशी ती जुळत नसेल तर ‘इतर’ नावाचा खांब घालून जुळवायची नाही. फरक बहुतेक वेळा तीन ठिकाणी सापडतो. पहिलं, टॅलीतून खरेदी उचलली जाते, वापरलेला पत्रा नाही. मार्चअखेर गोदामात पडलेल्या कॉइल खर्चात शिरतात. दुसरं, भंगाराची विक्री एका वर्षी पत्र्याच्या खर्चातून वजा आणि दुसऱ्या वर्षी इतर उत्पन्नात. तिसरं सगळ्यात फसवं: गेल्या वर्षीच्या मालाच्या दरफरकाचं पुरवणी बिल यंदा निघतं. ते यंदाच्या विक्रीत बसतं आणि भावाचा खांब फुगतो, नग मात्र एकही वाढत नाही. डेबिट नोट आली की उलट. ही बिलं ज्या वर्षीच्या मालाची, त्या वर्षात ढकलूनच आम्ही दोन्ही टोकांचे खांब काढतो. त्यामुळे चार्टवरचा नफा सीएच्या कागदावरच्या नफ्यापेक्षा थोडा वेगळा दिसला, तर तो फरक एका ओळीत चार्टखाली लिहिलेला असतो.