दुसऱ्यांदा येणारा डेंग्यू

“मला एकदा डेंग्यू होऊन गेलाय. मग परत झाला तर तो हलका जायला हवा ना? डॉक्टर उलटच का सांगतात?”

डेंग्यू हा एकच विषाणू असता, तर तुमचं म्हणणं अगदी बरोबर ठरलं असतं. पण डेंग्यूचे विषाणू चार आहेत. एकमेकांच्या जवळचे, तरीही वेगळे. या चार प्रकारांना सीरोटाइप म्हणतात. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून बहुधा जन्मभराचं संरक्षण मिळतं. उरलेल्या तिघांपासून मिळतं ते मात्र काही महिने, फार तर एखाददोन वर्षं. पुढचा घोळ त्यानंतर सुरू होतो.

क्युबात हा घोळ जवळजवळ प्रयोगासारखा उलगडला. १९७७ साली तिथे डेंग्यू-१ची मोठी साथ आली. असंख्य लोकांना लागण झाली, पण आजार सौम्य होता. १९८१मध्ये डेंग्यू-२ आला आणि चित्र पार पालटलं. सुमारे ३,४४,००० रुग्ण, १५८ मृत्यू, त्यांतली १०१ मुलं. यावर कोणीही म्हणेल की हा दुसरा विषाणूच जहाल असेल. मलाही विद्यार्थी असताना तेच वाटलं होतं.

त्यानंतर मात्र बेटावर बरीच वर्षं साथ नव्हती. १९९७मध्ये सांतियागो दे क्युबा या शहरात डेंग्यू-२ परतला. १९८१नंतर जन्मलेल्या मुलांच्या अंगात डेंग्यूची एकही जुनी अँटिबॉडी नव्हती. त्यांना लागण झाली, पण ती गंभीर झाली नाहीत. या वेळी दगावलेले १२ जण सगळे प्रौढ होते, १९७७च्या साथीत असण्याइतक्या वयाचे. मुलं तरली आणि मोठी माणसं गंभीर झाली, याचं कारण विषाणूच्या जहालपणात सापडत नाही. ते वीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या लागणीत सापडतं.

आता शरीरात काय होतं ते पाहू. चांगली अँटिबॉडी पुरेशा संख्येने विषाणूला चिकटते आणि त्याला पेशीत शिरू देत नाही. डेंग्यू-१ची अँटिबॉडी डेंग्यू-२लाही चिकटते, पण त्याला निकामी करण्याइतकी घट्ट नाही किंवा योग्य जागी नाही. त्यातच वर्षं गेल्यावर अँटिबॉडींची संख्या घटलेली असते. विषाणू जिवंतच राहतो आणि अंगावर अँटिबॉडी घेऊन फिरतो. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या शरीराच्या संरक्षक पेशींचं कामच असं, की अँटिबॉडीचं शेपूट दिसलं की ते पकडून सगळं आत ओढायचं. एरवी आत ओढलेलं तिथेच पचून जातं. डेंग्यूचा विषाणू मात्र याच पेशींत वाढतो. म्हणजे बंदोबस्तासाठी ठेवलेला पहारेकरीच त्याला हाताला धरून घरात नेतो. जास्त पेशींना लागण होते, रक्तातला विषाणू वाढतो. या प्रकाराला अँटिबॉडीमुळे होणारी वाढ म्हणतात.

यावर शंका घेणाऱ्यांना मी तान्ह्या बाळांचं उदाहरण देतो. काही बाळं आयुष्यातल्या पहिल्याच डेंग्यूत गंभीर होतात, आणि तीही बहुतेक सहा महिन्यांच्या पुढची. आईकडून आलेल्या अँटिबॉडी जन्माच्या सुमारास भरपूर असतात, तेव्हा त्या राखतात. त्या ओसरून मधल्या पातळीला आल्या की धोका वाढतो. निकारागुआतल्या मुलांच्या अभ्यासातही हेच दिसलं: खूप अँटिबॉडी असलेली मुलं सुरक्षित, अजिबात नसलेल्यांना धोका कमी, आणि मधल्या पट्ट्यातल्यांना सर्वांत जास्त.

तरीही घाबरून जाऊ नका. दुसऱ्या लागणीतही बहुतेक लोक गंभीर न होता बरे होतात, आणि पहिलीतही कधीकधी कोणी गंभीर होतं. शिवाय पहिला डेंग्यू अनेकांना कळतही नाही, इतका तो हलका असतो किंवा लक्षणंच नसतात. त्यामुळे “मला कधी झालाच नाही” या वाक्यावर मी प्रयोगशाळेत फारसा विसंबत नाही. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्ततपासणीत आयजीजी, म्हणजे लागणीनंतर दीर्घकाळ टिकणारी अँटिबॉडी, ठसठशीत आली, की बहुधा ही दुसरी खेप, असं समजतो.

अशा रुग्णात खरी नजर ठेवायची ती ताप उतरतो तेव्हा. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, “बरं वाटतंय” म्हणतानाच, रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपू लागतो. हा काळ साधारण एक-दोन दिवसांचा. लोक प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात. मी आधी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाचा आकडा, बघतो. तो नेहमीच्यापेक्षा वीस टक्क्यांनी वर गेला, म्हणजे रक्त घट्ट होतंय. पोट सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा अस्वस्थपणा यांपैकी काहीही त्या दिवसांत दिसलं, तर ताप नसला तरी तडक रुग्णालयात.