तुम्ही विचारलंत म्हणून: उन्हाळ्यात वाढलेल्या कॅलरी

“वय 45, वजन 70 किलो. मे महिन्यात विजापूर रोडला तासभर 20च्या वेगानं सायकल मारली. मेटच्या तक्त्यानं 560 कॅलरी येतात, हृदयगतीच्या सूत्रानं 851. धरू कुठल्या?”

560 धरा. मधला 291 कॅलरींचा फरक म्हणजे जवळपास 50 ग्रॅम शेंगदाणे. शेंगाचटणी रोज ताटात असणाऱ्या सोलापूरकराला एवढी चूक परवडणारी नाही.

तक्त्याचा हिशेब सरळ आहे. ताशी 19 ते 22 किलोमीटर वेगाला 8 मेट. एक मेट म्हणजे किलोमागे तासाला सुमारे एक कॅलरी, म्हणून 8 गुणिले 70. पुरुषांसाठी सर्रास वापरलं जाणारं हृदयगतीचं सूत्र 2005 सालचं, केटेल आणि सहकाऱ्यांचं:

```
kcal/min = (-55.0969 + 0.6309*HR + 0.1988*kg + 0.2017*age) / 4.184
```

तुमचे ठोके सरासरी 145 होते. आता याच वेगानं जानेवारीतल्या पहाटे ते 130 राहिले असं धरून बघा. उत्तर 716 येतं. रस्ता, वेग, वजन तेच, तरी मे महिन्यात 135 कॅलरी जास्त! पायांनी तेवढं जास्तीचं काम केलेलंच नाही. उन्हात रक्त अंग थंड ठेवायला कातडीकडे वळतं आणि घामानं रक्तातलं पाणी घटतं. मग हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रक्त कमी पडतं, म्हणून ठोके वाढतात. स्नायूंना लागणारा ऑक्सिजन मात्र जवळपास तेवढाच असतो. सूत्राला फक्त ठोके कळतात, ऊन कळत नाही.

हे तुम्हाला स्वतःच तपासता येईल. पहिल्या आणि शेवटच्या वीस मिनिटांतले ठोके शेजारी ठेवून बघा. वेग, वारा आणि चढ सारखे असून ठोके चढत गेले असतील, तर ती वाढ बहुतेक उष्णतेची. आणि जानेवारीचे 716सुद्धा 560च्या बरेच वर आहेत, कारण या सूत्रात तुमचा दमसास कुठेच येत नाही. एकाच कामाला कुणाचे ठोके 115 पडतात, कुणाचे 140.

तक्ताही आंधळाच. समोरून वारा आला तर 20च्या वेगाला जास्त जोर लागतो, ते त्याला दिसत नाही. वाऱ्याच्या दिवशी मी 560च्या थोडं वर धरेन, पण 851 कधीच नाही.

पोहण्यात गणित उलटं फिरतं. आडवं अंग आणि पाण्याचा दाब यांमुळे रक्त हृदयाकडे सहज परततं, आणि तेवढ्याच श्रमाला ठोके साधारण दहानं कमी पडतात. या सूत्रात दहा ठोके म्हणजे तासाला 90 कॅलरी, म्हणजे तेवढ्या कमी दिसतात. शिवाय मनगटावरचा सेन्सर पाण्यात वारंवार चुकतो. म्हणून तिथेही मी तक्ताच वापरते: संथ ते मध्यम फ्रीस्टाइलला 5.8 मेट. फक्त वेळ खरी धरा. तलावात तास गेला पण हात चाळीसच मिनिटं चालले, तर तुमच्या वजनाला 406 नव्हे, 271. उरलेली वीस मिनिटं कठड्याला धरून गप्पांत गेली, त्यांना 5.8 लावू नका.