अर्जातला एक रकाना आणि माझे तीन आकडे

सोलापूरच्या नवी पेठेतल्या आमच्या तयार कपड्यांच्या दुकानाचा गल्ला माझे दीर सांभाळतात आणि हिशेब मी पाहते. 2025 च्या दिवाळीसाठी बँकेच्या कॅश क्रेडिट मर्यादेवर पाच लाखांची तात्पुरती वाढ हवी होती, म्हणून हंगामाच्या विक्रीचा अंदाज मी उत्तम, अपेक्षित आणि वाईट अशा तीन परिस्थितींत मांडला. अंदाज तयार करायला मला चार दिवस लागले. तो बँकेत स्वीकारला जायला मात्र ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून 11 सप्टेंबरपर्यंत थांबावे लागले. त्या दिवसांचा त्रास अजून मनातून गेलेला नाही, पण त्यातूनच अंदाजातला सर्वांत महत्त्वाचा भाग तयार झाला, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिला कच्चा तक्ता चुकला तो माझ्याच हातून. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून मी ऑक्टोबर 2023 आणि ऑक्टोबर 2024 ची विक्री काढली, तेव्हा वाढ इतकी मोठी दिसली की भाऊजी खूश झाले आणि मला शंका आली. 2023 मध्ये घटस्थापना 15 ऑक्टोबरला होती आणि लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला, म्हणजे खरेदीचा मुख्य जोर नोव्हेंबरमध्ये गेला होता. 2024 मध्ये घटस्थापना 3 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आल्यामुळे जवळजवळ सगळा हंगाम ऑक्टोबरमध्येच बसला. मी वाढ म्हणून पाहत होते ते केवळ सणाचे सरकणे होते. त्यानंतर मी इंग्रजी महिने सोडून दिले आणि घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंतचे दिवस मोजले. घटस्थापना ते लक्ष्मीपूजन हे अंतर दरवर्षी महिनाभराचेच असते, त्यामुळे आश्विनाची तुलना आश्विनाशी होते आणि कोणताही हिशेबी खटाटोप न करता आकडे एका रेषेत येतात.

या मोजणीत 2024 मध्ये 4,400 नग आणि 2023 मध्ये 3,500 नग विकले गेलेले दिसले. 2023 मध्ये पाऊस ओढला होता, जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता आणि खेड्यांतून येणारे आमचे गिऱ्हाईक त्या वर्षी निम्म्यावर आले होते. मी आधी नग धरले, रुपये नंतर. सरासरी दर वाढला की रुपयांतली विक्री वाढलेली दिसते, पण दुकानात माणसे वाढलेली नसतात.

अपेक्षित परिस्थितीसाठी 2024 चे 4,400 नग जसेच्या तसे घेणेही बरोबर नव्हते, कारण त्या वर्षी मुलींच्या घागऱ्यांचे मधले साईज लक्ष्मीपूजनाच्या आठ दिवस आधीच संपले होते. बिलांत त्यानंतर शून्य दिसते, पण मागणी शून्य नव्हती. आमच्याकडे काउंटरवर एक वही असते, तिच्यात विक्रेती मुले ‘नाही म्हणून गेले’ अशी नोंद वस्तू आणि साईजसह करतात. तिच्यात सुमारे 250 नोंदी सापडल्या. त्यांतल्या बऱ्याच गिऱ्हाइकांनी दुसरे काहीतरी घेतलेले असते, म्हणून मी निम्म्याच धरल्या आणि अपेक्षित आकडा 4,500 नगांवर ठेवला. त्याहून वर जाण्याचे धाडस केले नाही, कारण 2025 चे लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होते. त्या तारखेला सप्टेंबरचा पगार खर्च झालेला असतो, ऑक्टोबरचा हातात आलेला नसतो, आणि बार्शीकडच्या सोयाबीनचे पैसेही सर्वांपर्यंत पोचलेले नसतात.

सरासरी 820 रुपये दराने अपेक्षित विक्री सुमारे 37 लाख झाली. उत्तम परिस्थितीत 5,000 नग आणि 840 रुपये, म्हणजे 42 लाख. वाईट परिस्थितीत मी 2023 चेच 3,500 नग घेतले आणि दर 770 धरला, कारण अशा वर्षी माणसे नुसती कमी येत नाहीत, ती खालच्या रेंजचा माल मागतात आणि शेवटच्या आठवड्यात सूटही द्यावी लागते. ही विक्री 27 लाख झाली.

हे कागद घेऊन मी बँकेत गेले. अर्जात ‘अंदाजित उलाढाल’ असा एकच रकाना होता. अधिकाऱ्यांनी तिन्ही स्तंभ पाहिले आणि विचारले, “मॅडम, यांतला खरा आकडा कोणता?” मी म्हणाले, “साहेब, खरा आकडा भाऊबीजेनंतर कळेल. आज मी कोणत्या परिस्थितीत काय होईल ते दाखवते आहे.” त्यांनी कागद परत केले आणि एकच आकडा घेऊन यायला सांगितले. लहान व्यवसायांसाठी बँका वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या किमान वीस टक्के खेळते भांडवल देण्याची पद्धत वापरतात, त्यामुळे त्यांना एक आकडा हवा होता हे मला समजत होते. पण आमच्या वार्षिक विक्रीचा तिसरा हिस्सा एका महिन्यात होतो, आणि तो महिना कसा जाईल हेच तर ठरवायचे होते.

दुसऱ्या खेपेला तिथल्याच एका कर्मचाऱ्याने सल्ला दिला की उत्तम परिस्थितीचा आकडा रकान्यात भरा, मर्यादा सहज वाढेल. घरी भाऊजींचेही तेच मत पडले. “वहिनी, नाहीतरी सगळे तसेच करतात,” असे ते म्हणाले. मी ठाम नकार दिला. मर्यादा आकड्यावर मिळते, पण फेड विक्रीतून होते, आणि उत्तम आकड्यावर घेतलेला माल वाईट हंगामात तसाच रॅकवर राहतो. मी रकान्यात अपेक्षित आकडा भरला आणि इतर दोन सोबत जोडले.

तिसऱ्या खेपेला आक्षेप वेगळाच निघाला. अपेक्षित 37 आहे, उत्तम त्याच्या पाच लाख वर आणि वाईट दहा लाख खाली, हे असमान का, दोन्ही बाजूंना दहा-दहा टक्के का नाही, असा प्रश्न आला. बहुतेक दुकानदार तसेच करून देतात, असेही सांगण्यात आले. त्या दिवशी मी चिडून बाहेर पडले, पण रात्री तक्त्यासमोर बसल्यावर उत्तर सापडले, आणि ते माझ्या स्वतःच्याही मनात तोपर्यंत इतके स्पष्ट नव्हते.

विक्रीची वरची मर्यादा गिऱ्हाईक ठरवत नाही, ती आपला माल ठरवतो. घटस्थापनेनंतर मुंबईहून किंवा अहमदाबादेहून हवा तो माल हव्या त्या साईजमध्ये वेळेत येत नाही, म्हणून गर्दी कितीही झाली तरी आपण रॅकवर असेल तेवढेच विकतो, आणि शेवटचे काही शे नग साईज तुटल्यामुळे विकलेच जात नाहीत. खालच्या बाजूला असा कोणताही अडसर नसतो. म्हणून दोन्ही बाजू सारख्या दाखवणारा तक्ता हा अंदाज नसतो, तो एकाच आकड्याचा गुणाकार-भागाकार असतो.

ही गोष्ट पटवण्यासाठी मी वाईट परिस्थितीचा रोखीचा हिशेब एका स्वतंत्र पानावर मांडला. खरेदीचा सरासरी दर 520 रुपये आणि हंगामाचा खर्च, म्हणजे जादा मुलांचे पगार, बोनस, रोषणाई आणि जाहिरात मिळून, चार लाख. उत्तम आकड्यावर विसंबून 5,000 नग एकदम घेतले तर मालाचे 26 लाख द्यावे लागतात. विक्री 27 लाखच झाली तर खर्च वजा जाता तीन लाखांची तूट पडते आणि बँकेची वाढीव रक्कम नोव्हेंबरमध्ये परत जाऊ शकत नाही. त्याऐवजी आधी 4,000 नग घेतले तर मालाचे 20 लाख 80 हजार होतात, आणि त्याच वाईट विक्रीत 2 लाख 20 हजार हातात उरतात. जुने 300 नग दुकानात होतेच. उरलेल्या 1,000 नगांची मागणी मी अशा व्यापाऱ्याकडे तोंडी नोंदवली, जो दसऱ्यानंतर आठवड्याच्या आत ठरावीक साईजचा माल पाठवतो. नियम असा लिहिला की घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत 1,000 नग विकले गेले तर तो माल पूर्ण मागवायचा, 800 च्या आत राहिले तर मुळीच मागवायचा नाही, आणि मधले असतील तर फक्त संपत आलेले साईज घ्यायचे. मागच्या वर्षांत दसऱ्यापर्यंत हंगामाचा एकपंचमांशाहून थोडा जास्त माल जात असे, त्यावरून हे आकडे काढले होते.

हे एक पान पाहून साहेबांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली. त्यांना विक्रीपेक्षा पैसे परत येण्याची तारीख पाहायची होती, आणि ती आधीच्या कोणत्याही कागदावर नव्हती. एवढे स्पष्टपणे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले असते तर माझा महिना वाचला असता. मंजुरी आली तेव्हा पितृपक्ष सुरू झाला होता आणि एका व्यापाऱ्याकडची चांगली डिझाईन दुसऱ्यांनी उचलली होती. म्हणून बँकेकडे जाताना वाईट परिस्थितीचे रोखीचे पान सगळ्यांत वर लावावे, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

एक गोष्ट आधी सांगायची राहिली. वरचे सगळे विक्रीचे आणि खरेदीचे दर जीएसटी वगळून आहेत. 22 सप्टेंबर 2025 ला, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, एक हजार ते अडीच हजार रुपयांच्या कपड्यांवरचा कर 12 वरून 5 टक्के झाला. करासहित आकडे ठेवले असते तर आधीच्या वर्षांशी तुलनाच करता आली नसती. टॅग बदलायला दोन रात्री गेल्या, तक्ता मात्र तसाच राहिला.

त्याच नवरात्रात सीना नदीला महापूर आला. माढा आणि मोहोळकडचे आमचे गिऱ्हाईक संकटात होते, कपड्यांचा विचारही कोणी करत नव्हते. दसऱ्यापर्यंत 690 नग गेले होते. भाऊजी म्हणाले, दिवाळीला उठाव येईल, माल मागवून ठेवू. मी लिहिलेला नियम त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यांनी फोन करून नोंद रद्द केली. भाऊबीजेपर्यंत 3,750 नग विकले गेले, सरासरी 790 रुपयांनी, म्हणजे 29 लाखांहून थोडी अधिक विक्री. रॅकवर 550 नग उरले आणि बँकेचे पाच लाख नोव्हेंबरमध्येच परत केले.

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे घटस्थापना 11 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे ऑक्टोबरचा पगार खरेदीच्या आधी हातात येईल. पगाराच्या दृष्टीने हे वर्ष 2023 च्या जवळचे आहे आणि पावसाच्या दृष्टीने कोणत्या वर्षाजवळ जाईल ते ऑगस्टअखेर पाहावे लागेल. ‘नाही म्हणून गेले’ची नवी वही मी काउंटरवर ठेवली आहे.